‘हप्ता तोच, मुदत वाढली’: व्याजदर बदलाचं पत्र कर्जदाराला कळेल असं कसं लिहायचं?



व्यवसायातल्या पत्रव्यवहाराची आपली मालिका सुरू आहे. आज त्यातलं एक असं पत्र घेतोय, जे लाखो घरांत येतं आणि वाचून तसंच फ्रिजवर ठेवलं जातं. हे पत्र म्हणजे फ्लोटिंग व्याजदर बदलल्याची सूचना. बँकेच्या शाखेत, फायनान्स कंपनीत किंवा नागरी सहकारी बँकेत बसून तुम्ही अशी पत्रं पाठवत असाल, तर हा लेख तुमच्या कामाचा आहे. आणि असं पत्र तुमच्याच घरी येत असेल, तर त्यातून काय विचारायचं ते कळेल.

उदाहरण बीड जिल्ह्यातल्या नारायणगडचं घेऊ. गडावर एकादशीला गर्दी होते, त्या दिवसांत हार-प्रसादाच्या दुकानाला चांगला धंदा, बाकी दिवस जेमतेम. अशा एका दुकानदाराने घर बांधायला बँकेकडून गृहकर्ज घेतलंय असं समजा. दुकानदार कल्पनेतला आहे, पण व्याजदराचे आकडे खरे आहेत.

आधी रिसेट म्हणजे काय ते दोन मिनिटांत

1 ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर घेतला. रेपो अधिक बँकेचं मार्जिन म्हणजे तुमचा दर. रेपो हलला की तुमचाही दर हलतो, आणि हा बदल किमान तीन महिन्यांतून एकदा खात्यावर चढवावा लागतो. त्यालाच रिसेट म्हणतात.

आपल्या दुकानदाराचं मार्जिन 3.10 टक्के धरू. 1 जुलै 2022 ला रेपो 4.90 होता, म्हणून त्याचा दर वर्षाला 8 टक्के. 30 सप्टेंबरला रेपो 5.90 झाला, म्हणून 1 ऑक्टोबरच्या रिसेटला दर 9 टक्के झाला. त्या दिवशी त्याचं 12,00,000 रुपये कर्ज शिल्लक होतं, 180 हप्ते बाकी होते आणि हप्ता 11,468 रुपये होता.

आता हे पत्र वाचा

हा नमुना कुठल्याही एका बँकेचा नाही. अशा पत्रांत नेहमी सापडणारी वाक्यं एकत्र केली आहेत.

> महोदय/महोदया, आपणांस कळविण्यात येते की, बाह्य मानदंडाशी संलग्न कर्जदरातील सुधारणेस अनुसरून आपल्या ऋण खात्यास लागू असलेला तरता व्याजदर दि. 1 ऑक्टोबरपासून 100 आधारबिंदूंनी पुनर्निर्धारित करण्यात आला आहे. सदर बदलाचा आपल्या समान मासिक हप्त्यावर कोणताही परिणाम झालेला नसून, उर्वरित परतफेड कालावधी यथोचित सुसंगत करण्यात आला आहे. आपली थकबाकी रु. 12,00,000 आहे. अधिक माहितीसाठी शाखेशी संपर्क साधावा.

या पत्रात एकही वाक्य खोटं नाही. तरीही वाचणारा माणूस हमखास चुकीचा अर्थ घेणार. तो कसा, ते एकेक करून बघू.

पहिली गोष्ट, ‘100 आधारबिंदूंनी पुनर्निर्धारित’. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे 1 टक्का, हे बँकेतल्या माणसाला माहीत असतं. बाहेरच्या माणसाला दर वाढला की कमी झाला हेसुद्धा या वाक्यातून कळत नाही. इथे ‘8 टक्के होता, आता 9 टक्के झाला’ एवढंच लिहा. आणि ‘वर्षाला’ हा शब्द विसरू नका. आपल्याकडे गावात सावकारी व्यवहारात ‘दोन टक्के’ म्हणजे महिन्याला शेकडा दोन. ज्याने आयुष्यभर तसे व्यवहार ऐकलेत, तो नुसतं ‘9 टक्के’ वाचून घाबरेल, नाहीतर ‘एका टक्क्याने काय होतंय’ म्हणून सोडून देईल.

दुसरी गोष्ट, ‘थकबाकी’. बोलीत थकबाकी म्हणजे भरायचं राहून गेलेलं देणं. या दुकानदाराने एकही हप्ता चुकवलेला नाही. त्याला ‘आपली थकबाकी बारा लाख’ असं लिहिलं, तर घरात रडारड होईल. ‘शिल्लक कर्ज’ लिहा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महाग पडणारी आहे. ‘हप्त्यावर कोणताही परिणाम झालेला नसून’ हे वाक्य वाचून दुकानदार सुटकेचा श्वास टाकतो आणि पत्र बाजूला ठेवतो. खरी बातमी पुढच्या अर्ध्या वाक्यात, ‘यथोचित सुसंगत’ या दोन शब्दांत दडली आहे. किती हप्ते वाढले? आकडाच नाही.

तो आकडा काढून बघू

मोबाइलवर गुगल शीट किंवा एक्सेल उघडा आणि हे टाका:

```
=NPER(9%/12,-11468,1200000)
=PMT(9%/12,180,-1200000)
```

पहिलं सूत्र सांगतं की हप्ता तोच ठेवला तर किती हप्ते लागतील. उत्तर येतं 205.6, म्हणजे 206 हप्ते, शेवटचा थोडा लहान. आधी 180 होते. म्हणजे 26 हप्ते वाढले, दोन वर्षं दोन महिने. दुसरं सूत्र सांगतं की मुदत तीच ठेवली तर हप्ता किती होईल. उत्तर 12,171 रुपये, म्हणजे महिन्याला 703 रुपये जास्त.

आता दोन्हींची शेवटपर्यंतची बेरीज करा. हप्ता वाढवला तर दुकानदार इथून पुढे एकूण सुमारे 21,90,800 रुपये भरतो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर सुमारे 23,57,700. फरक सुमारे 1 लाख 67 हजारांचा. पुढे दर असाच राहील असं धरून हा हिशोब आहे. दर पुन्हा हलला की आकडे हलतील, आणि हेही पत्रात लिहायला हवं.

याचा अर्थ हप्ता वाढवणंच बरोबर, असा नाही. महिन्याला 703 रुपये जड जाणाऱ्या घराला मुदत वाढवणं हाच योग्य पर्याय असू शकतो. पण ते ठरवायचं कर्जदाराने, आणि ठरवायला दोन्ही आकडे त्याच्यासमोर हवेत.

नियम काय म्हणतो?

2022-23 मध्ये नेमकं हेच झालं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4.00 वरून 6.50 वर गेला. कर्जदाराला नीट न कळवता, त्याची संमती न घेता मुदती लांबल्याच्या तक्रारी आल्या. त्यावर रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 ला एक परिपत्रक काढलं आणि 31 डिसेंबर 2023 पर्यंत ते जुन्या-नव्या सगळ्या संबंधित कर्जांना लागू करायला सांगितलं. ते बँकांना आहे, नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांना आहे, फायनान्स आणि गृहवित्त कंपन्यांनाही आहे.

पत्र लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्यात चार गोष्टी महत्त्वाच्या. हप्ता किंवा मुदत वाढली तर ते लगेच कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, ही निवड कर्जदाराला द्यायची. मुदतीआधी काही किंवा सगळी रक्कम भरायची मोकळीक ठेवायची. आणि दर तिमाहीला एक सोपं विवरण द्यायचं, ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. निश्चित दराकडे जाण्याचा पर्यायही त्या परिपत्रकात होता. 2025 च्या दुरुस्तीनंतर तो द्यायचा की नाही हे बँकेवर सोडलंय, म्हणून तुमच्या बँकेच्या धोरणात असेल तरच पत्रात घ्या.

मर्यादाही समजून घ्या. हे परिपत्रक घर, शिक्षण, वाहन अशा वैयक्तिक कर्जांसाठी आहे. त्याच दुकानदाराने दुकानाच्या मालासाठी घेतलेल्या व्यवसाय कर्जाला ते थेट लागत नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, त्यांनाही लागत नाही. पण तिथेही असं पत्र लिहायला कोणी अडवलेलं नाही.

पत्र नव्याने लिहू

वरचे आकडे 2022 चे आहेत, त्यांना आजचा नियम लावून पत्र लिहू.

> विषय: तुमच्या घरकर्जाचा व्याजदर वाढला आहे. 20 ऑक्टोबरपर्यंत तुमचा निर्णय कळवा.
>
> श्री. ………… यांस नमस्कार.
>
> तुमच्या घरकर्जाचा व्याजदर 1 ऑक्टोबरपासून वर्षाला 8 टक्क्यांवरून 9 टक्के झाला आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 1 टक्क्याने वाढल्यामुळे हा बदल झाला. बँकेचं मार्जिन पूर्वीइतकंच, 3.10 टक्के आहे.
>
> 1 ऑक्टोबरला तुमचं शिल्लक कर्ज 12,00,000 रुपये आहे आणि 180 हप्ते बाकी आहेत. तुमचा कोणताही हप्ता थकलेला नाही.
>
> पुढीलपैकी एक पर्याय निवडा:
>
> अ) मुदत तीच, हप्ता वाढेल. हप्ता 11,468 ऐवजी 12,171 रुपये. हप्ते 180. पुढे एकूण भरणा सुमारे 21,90,800 रुपये.
>
> आ) हप्ता तोच, मुदत वाढेल. हप्ता 11,468 रुपये. हप्ते 180 ऐवजी 206. पुढे एकूण भरणा सुमारे 23,57,700 रुपये.
>
> इ) दोन्ही थोडं थोडं. हप्ता 11,800 रुपये. हप्ते 193. पुढे एकूण भरणा सुमारे 22,71,700 रुपये.
>
> ई) काही रक्कम एकदम भरा. 31 ऑक्टोबरच्या आत सुमारे 69,350 रुपये भरल्यास हप्ता आणि मुदत दोन्ही जवळपास आहेत तशाच राहतील. या रकमेवर कोणताही दंड नाही.
>
> व्याजदर पुन्हा बदलला तर हे आकडे बदलतील आणि आम्ही तुम्हाला पुन्हा कळवू.
>
> 20 ऑक्टोबरपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर पर्याय ‘आ’ लागू होईल, म्हणजे 26 हप्ते वाढतील. त्यानंतरही तुम्ही पर्याय बदलून मागू शकता. नवीन हिशोब 1 नोव्हेंबरच्या हप्त्यापासून लागू होईल.
>
> उत्तर देण्यासाठी: खाली खूण करून शाखेत द्या, किंवा …… या नंबरवर फोन करा.

बघा, पत्र लांबलं, पण वाचायला सोपं झालं. आता त्यातल्या तीन जागांवर थोडं थांबू.

विषयाच्या ओळीतच बातमी आणि तारीख आहे. माणूस तेवढंच वाचून थांबला तरी दर वाढलाय आणि आपल्याला काहीतरी ठरवायचंय, एवढं त्याला कळतं. ‘व्याजदर पुनर्निर्धारणाबाबत’ असा विषय लिहिला तर यातलं काहीच कळत नाही.

चारही पर्यायांत आकड्यांचा क्रम एकच ठेवलाय: हप्ता किती, हप्त्यांची संख्या किती, एकूण भरणा किती. (चौथ्यात हप्ता आणि मुदत बदलत नाही, म्हणून तसं सांगितलंय.) एका पर्यायात महिने, दुसऱ्यात वर्षं, तिसऱ्यात टक्के असं केलं तर तुलना होत नाही. हप्त्यांची संख्याच लिहा. ‘दोन वर्षं दोन महिने’पेक्षा ‘26 हप्ते’ माणूस पटकन मोजतो, कारण दर महिन्याला खात्यातून तोच जाताना त्याला दिसतो.

आणि ‘उत्तर आलं नाही तर’ हे वाक्य. बरेच कर्जदार उत्तर देत नाहीत, हे पत्र लिहिणाऱ्याला माहीत असतं. मग गप्प राहिल्याचा परिणाम काय, हे स्पष्ट लिहायलाच हवं. इथे गप्प राहण्याची किंमत सुमारे 1 लाख 67 हजार रुपये आहे. ‘अन्यथा बँकेच्या धोरणानुसार कार्यवाही होईल’ असं लिहून ती झाकू नका.

पत्रात ‘दंड नाही’ असं लिहिण्याआधी खातं तपासा. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतीआधी भरण्याचा दंड घेता येत नाही, म्हणून इथे ते वाक्य चालतं. हाच साचा दुसऱ्या कर्जाला वापरताना त्या कर्जाच्या करारात आणि नियमात काय आहे ते बघूनच हे वाक्य ठेवा.

‘हप्ता तोच’ हा पर्याय नेहमी देता येतो का?

नाही. इथे एक तपासणी पत्र छापण्याआधी करायची असते. शिल्लक कर्जावरचं एका महिन्याचं व्याज काढा आणि ते हप्त्यापेक्षा कमी आहे का बघा. आपल्या दुकानदाराचं एका महिन्याचं व्याज 9,000 रुपये आणि हप्ता 11,468. म्हणजे मुद्दलात अजून 2,468 रुपये जातात, चालेल.

आता दुसरं कर्ज घ्या. 1 एप्रिल 2022 ला 15 लाख रुपये, 20 वर्षांसाठी, 7 टक्क्यांनी. हप्ता 11,629 रुपये. दर तिमाहीला रिसेट होत गेला आणि प्रत्येक वेळी ‘हप्ता तोच’ ठेवला. 1 एप्रिल 2023 ला दर 9.50 टक्के झाला. वर्षभर हप्ते भरूनही शिल्लक कर्ज सुमारे 14,83,400 रुपये, म्हणजे मुद्दल जेमतेम साडेसोळा हजारांनी कमी झालेलं. आणि पुढच्या महिन्याचं व्याज? सुमारे 11,744 रुपये. हप्ता 11,629. हप्ता व्याजालाही पुरत नाही! आता प्रत्येक महिन्याला हप्ता भरूनही कर्ज वाढत जाणार. 2023 च्या परिपत्रकात याला स्पष्ट मनाई आहे. अशा खात्याला ‘हप्ता तोच’ हा पर्याय पत्रात छापूच नका. ‘हप्ता किमान इतका वाढवावा लागेल’ असं कारणासकट लिहा.

कर्जदारांनीही हे घरी करून बघावं. शिल्लक कर्ज गुणिले दर, भागिले 1200, हे झालं महिन्याचं व्याज. हप्ता त्याच्या अगदी जवळ आला असेल, तर तुमची मुदत फार लांबलेली आहे. सरळ शाखेत जाऊन उरलेल्या हप्त्यांचा आकडा मागा.

पत्र कोणाच्या हातात, कधी पडणार?

बीड जिल्ह्यात ही गोष्ट विसरून चालत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं गाव सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या तळावर असतात. ऑक्टोबरच्या रिसेटचं पत्र पोस्टाने गेलं, तर घराला कुलूप असायची शक्यता मोठी. अशा खात्यांना पत्राबरोबर मेसेज आणि एक फोन हवाच. उत्तराची तारीखही फार जवळची नको.

मराठी मेसेज लिहिताना एक अडचण येते. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरंच मावतात, त्यापुढे मेसेजचे तुकडे होतात आणि खर्च वाढतो. म्हणून मेसेजमध्ये सगळं पत्र कोंबू नका. एवढं पुरे: ‘घरकर्जाचा दर 8 वरून 9 टक्के (वर्षाला). हप्ता वाढवायचा की 26 हप्ते जास्त भरायचे? 20 ऑक्टोबरपर्यंत कळवा.’ आणि शाखेचा नंबर. दोन-तीन तुकड्यांत बसतं आणि निर्णय घ्यायचाय हे कळतं.

गडावरच्या दुकानदाराचं गणित वेगळं. त्याच्याकडे वर्षात एक-दोनदाच हातात मोठी रक्कम येते. त्याला महिन्याचे 703 रुपये जड जातील, पण कार्तिकी एकादशीनंतर एकदम 20-25 हजार भरणं जमेल. म्हणून त्याच्यासारख्याला फोन करताना पर्याय ‘ई’ आधी सांगा. पूर्ण 69,350 नाही भरले तरी जेवढे भरेल तेवढे हप्ते कमी होतील, हेही सांगा.

दर उतरल्यावरचं पत्र

2025 मध्ये उलटं झालं. फेब्रुवारीत 6.50 असलेला रेपो डिसेंबरपर्यंत 5.25 वर आला. दर उतरला की अनेकदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली जाते. कर्जदाराच्या फायद्याचंच आहे, पण त्याला कळत नाही, आणि ‘दर कमी झाला म्हणतात, माझा हप्ता का उतरला नाही?’ म्हणून तो शाखेत भांडायला येतो. वरचाच साचा वापरा, फक्त उलट्या दिशेने. 2022 मध्ये ज्याची मुदत लांबली होती, त्याच्या पत्रात एक ओळ जास्त टाका: मूळ किती हप्ते होते, मध्ये किती झाले, आता किती उरले.

तुमच्याकडे असं पत्र आलं असेल आणि त्यात उरलेल्या हप्त्यांचा आकडा नसेल, तर शाखेला लेखी विचारा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते.

आणि तुम्ही पत्र लिहिणारे असाल, तर आजच एक करा. तुमच्या शाखेतलं शेवटचं रिसेटचं पत्र बँकेबाहेरच्या कोणालातरी वाचायला द्या आणि एवढंच विचारा: ‘आता किती हप्ते राहिले?’ उत्तर सांगता आलं नाही, तर पत्र बदलायला हवं.